बाजारात उतरावे की नाही?

निर्णयवृक्षात चौकोन म्हणजे आपल्या हातातला निर्णय आणि वर्तुळ म्हणजे हातात नसलेली शक्यता. समजा, नवे सरबत बाजारात आणायचे आहे. चालले तर ५० लाखांचा नफा, पडले तर २० लाखांचा तोटा. यशाची संभाव्यता ०.४. आकृती डावीकडून काढतात, गणित मात्र उजवीकडून सुरू होते: ०.४ × ५० − ०.६ × २० = ८ लाख. न आणल्यास शून्य, म्हणून आणण्याची फांदी राहते, दुसरी छाटली जाते. हे ८ लाख प्रत्यक्षात कधीच हाती पडत नाहीत. ती केवळ सरासरी. खरा कच्चा दुवा ०.४ हा अंदाज. तो २०/७०, म्हणजे सुमारे ०.२९ च्या खाली गेला की निर्णय उलटतो. शिवाय २० लाखांच्या तोट्याने बुडणाऱ्या छोट्या उद्योजकाने ‘नको’ म्हणणेही शहाणपणाचेच.