दाणा तोच, पण आच कारखान्यात किती लागली?

दुकानाच्या फळीवर स्टील कट, रोल्ड आणि इन्स्टंट अशी ओट्सची तीन पाकिटं शेजारीशेजारी दिसतात. त्यात पहिलं बरंच महाग असतं, आणि महाग म्हणजे जास्त पौष्टिक असं धरून ते उचललं जातं. प्रत्यक्षात तिन्ही पाकिटांत एकाच धान्याचा सबंध दाणा असतो. कोंडा आणि अंकुर तिन्हींत शाबूत असल्यामुळे तंतुमय पदार्थ आणि प्रथिनं जवळजवळ सारखीच मिळतात. फरक पडतो तो दाण्याचा आकार केवढा ठेवला आणि शिजवण्याचं किती काम कारखान्यातच उरकलं, यामुळे.

ओट्सचं टरफल काढलं की आत लांबट, मऊसर दाणा मिळतो. गहू-तांदळापेक्षा त्यात स्निग्धांश बराच जास्त असतो, आणि त्या स्निग्धांशाचं विघटन करणारं विकरही त्याच दाण्यात असतं. दाणा फुटला की ते कामाला लागतं आणि थोड्या दिवसांत ओट्स खवट, कडवट होतात. म्हणून सोललेल्या दाण्याला आधी वाफ देतात आणि मग भट्टीत तापवून वाळवतात. त्यात विकर निकामी होतं आणि भाजल्याचा खमंग वासही तिथेच येतो. ही पायरी तिन्ही प्रकारांना चुकत नाही, त्यामुळे स्टील कट ओट्सही अगदी कच्चे नसतात.

यानंतर मात्र वाटा फुटतात. स्टील कटसाठी पोलादी पात्यांनी एका दाण्याचे दोन ते चार तुकडे करतात, बस्स. रोल्डसाठी अख्खा दाणा पुन्हा वाफवून मऊ करतात आणि रुळांमधून चपटा काढतात. इन्स्टंटसाठी आधी दाण्याचे तुकडे करतात, ते जास्त शिजवतात आणि मग कागदासारखे पातळ लाटतात. जाड आणि पातळ पोह्यांत जो फरक असतो, तोच रोल्ड आणि इन्स्टंटमध्ये आहे. काही पाकिटांवर ‘क्विक’ लिहिलेलं असतं, त्यांची जागा या दोघांच्या मधली.

पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच शिजायला लागतो. स्टील कटच्या जाड कणीला मंद आचेवर वीस ते तीस मिनिटं लागतात. एक वाटी कण्यांना साडेतीन ते चार वाट्या पाणी घ्या. आधी चमचाभर तुपावर परतल्या तर वास सुरेख येतो. पातेलं मोठं हवं, कारण फेस चढून ओट्स उतू जातात. रात्री भिजत घातल्या तर दहा-बारा मिनिटांत काम होतं. शिजल्यावर कणी दाताखाली लागली पाहिजे आणि भोवतीचं पाणी दाटसर झालेलं दिसलं पाहिजे. कणीच्या मध्ये पांढरा, पिठूळ ठिपका दिसला तर अजून पाच मिनिटं ठेवा.

रोल्ड ओट्स दुप्पट पाण्यात पाच ते दहा मिनिटांत मऊ होतात, तरी पाकळी ओळखू येते. इन्स्टंटवर उकळतं पाणी ओतून दोन मिनिटं झाकलं की झालं, पण हाती येते ती एकजीव पेज. उपम्यासारखा मोकळा पदार्थ इन्स्टंटचा करायला गेलं की कढईत खळ होते, ती यामुळेच. दोष करणाऱ्याच्या हाताचा नसतो. मोकळ्या उपम्याला रोल्ड घ्यावेत, कोरडे परतून घ्यावेत आणि पाणी शिंपडूनच वाफ आणावी. उलट धिरड्याचं पीठ किंवा सूप दाट करायला इन्स्टंटच सोयीचे.

हाच पातळपणा पोटातही जाणवतो. बारीक आणि आधीच शिजलेलं पीठ लवकर पचतं, त्यामुळे इन्स्टंटनं रक्तातली साखर स्टील कट किंवा रोल्डपेक्षा लवकर चढते. स्टील कट आणि रोल्ड या दोघांत मात्र त्या बाबतीत फारसा फरक नाही. मधुमेह आहे म्हणून महागड्या स्टील कटचाच हट्ट धरायची गरज मला तरी दिसत नाही, जाड रोल्ड चालतात.

पाकीट घेताना पुढचं चित्र सोडून मागचा मजकूर वाचा. शिजायला लागणारा वेळ पाकळीची जाडी सांगतो. घटकांच्या यादीत ओट्सशिवाय काही नसावं. मसाला किंवा गोड चवीच्या इन्स्टंट पाकिटांत मीठ-साखर आधीच घातलेली असते, आणि ती आपल्याला कमी करता येत नाही. घरात एकच पाकीट ठेवायचं असेल तर साधे, जाड रोल्ड ओट्स आणा.