फरशीखालचा हौद

चौथ्या मजल्यावरचं बाथरूम आठ दिवस बंद होतं. घरातली मंडळी गावाला गेली होती, नळ बंद, लादी कोरडी ठणठणीत. तरीही तिसऱ्या मजल्यावरच्या छताला थेंब धरतच होते. अशा वेळी खालचे वरच्यांवर संशय घेतात, वरचे प्लंबरवर. पाणी मात्र त्या आठवड्यात सांडलेलंच नसतं. ते महिन्यांपूर्वीचं असतं आणि लादीखाली साठलेलं असतं.

बऱ्याच फ्लॅटमध्ये बाथरूमचा स्लॅब खोलीच्या स्लॅबपेक्षा खाली सोडतात. याला ‘संकन स्लॅब’ म्हणतात. त्या खड्ड्यात ड्रेनेजचे पाइप टाकायचे, विटांच्या तुकड्यांनी तो भरायचा आणि वर लादी बसवायची. म्हणजे बाथरूमची जमीन खोलीच्या पातळीत राहते.

हा खड्डा किती खोल हवा, ते पाइपचा उतार ठरवतो. समजा, कमोडपासून डक्टपर्यंत सहा फूट अंतर आहे. कमोडच्या चार इंची पाइपला साधारण 40 इंचांना 1 इंच उतार द्यावा लागतो, म्हणजे सहा फुटांत जवळजवळ दोन इंच. पाइपची जाडी चार इंचांहून थोडी जास्त. खाली वॉटरप्रूफिंगचा थर, वर मसाला आणि लादी धरून आणखी तीन इंच. बेरीज नऊ इंचांच्या पुढे जाते. खड्डा उथळ असला की प्लंबर उतार कमी करतो आणि मग कमोड वरचेवर तुंबतो.

खरी गोम पुढे आहे. लादी आणि तिच्या सांध्यांतलं सिमेंट पाणी पूर्णपणे अडवत नाही. रोजच्या आंघोळीचं थोडं पाणी झिरपून भरावात उतरतं. खड्ड्याला चारही बाजूंनी काठ असल्यामुळे त्याला बाहेर पडायला वाट नसते. भराव स्पंजासारखा ते धरून ठेवतो. वॉटरप्रूफिंगला एखादी जरी भेग असली, तरी त्या हौदातलं पाणी सावकाश खाली उतरत राहतं. म्हणूनच बाथरूम बंद ठेवूनही गळती लगेच थांबत नाही.

यावरचा उपाय बांधतानाच करावा लागतो. वॉटरप्रूफिंगचा मुख्य थर लादीखाली नव्हे, तर खड्ड्याच्या तळावर हवा. भिंत आणि तळ जिथे मिळतात तिथे सिमेंटचा गोल वाटा करून तो थर भिंतीवर लादीच्या पातळीच्या वर फूटभर चढवायचा. तळाला उतार देऊन सर्वांत खालच्या जागी एक इंचाची नळी डक्टमध्ये काढायची. तिला स्पाउट म्हणतात. भरावात उतरलेलं पाणी तिच्यातून बाहेर पडतं. ती सतत ठिबकू लागली, तर वरचा एखादा सांधा गेला आहे हे डक्टमध्ये डोकावूनच कळतं. भराव घालण्याआधी स्पाउट तात्पुरतं बंद करून खड्ड्यात दोन दिवस पाणी उभं ठेवावं आणि खालून छत पाहावं. घाईच्या कामात हीच पायरी वगळली जाते.

दुसरी पद्धत उलटी आहे. स्लॅब सपाट ठेवायचा आणि बाथरूमची जमीन उंच करायची. जुन्या इमारतीत एखाद्या खोलीचं बाथरूम करताना बहुतेकदा हाच मार्ग उरतो. भिंतीतून मागे निकास असलेला कमोड घेतला, तर त्याचा पाइप जमिनीच्या वरून नेता येतो आणि खाली फक्त आंघोळीच्या पाण्याचा पाइप राहतो. न्हाणी ट्रॅप डक्टपासून तीन फुटांवर असेल, तर तीन इंची पाइप, इंचभर उतार आणि दोन इंच लादी-मसाला मिळून सहा इंचांत काम भागतं. भराव कमी, म्हणून वजनही कमी आणि साठणारं पाणीही कमी.

पण इथे कमकुवत जागा दाराशी असते. भरावातलं पाणी आता खोलीच्या लादीपेक्षा वर असतं, त्यामुळे ते उंबऱ्याखालून बाहेर सरकतं आणि शेजारच्या खोलीच्या भिंतीचा खालचा रंग फुगतो. म्हणून दारात आधी काँक्रीटची आडवी कड घालून वॉटरप्रूफिंग तिच्यावरही चढवावं लागतं. शिवाय सहा इंचांची पायरी राहते. म्हाताऱ्या माणसाला अंधारात ती रोज ओलांडावी लागेल आणि दाराची उंचीही तेवढीच घटेल.

गळती कुठून येते हे खालच्या छतावरूनच बरंचसं ओळखता येतं. वापर थांबल्यावर काही तासांत थेंब थांबले, तर दोष ड्रेनेजच्या सांध्यात असण्याची शक्यता जास्त. वापर नसतानाही त्याच जोराने गळत राहिलं आणि टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर कमी झालं, तर नळाच्या पाइपकडे पाहावं. आणि आठ दिवसांत हळूहळू मंदावत गेलं, तर लादीखालचा हौद रिता होतो आहे. अशा वेळी सांध्यांत नवा ग्राउट भरून पाणी आत जाणं कमी होतं, पण तळाची भेग तशीच राहते. ती बुजवायला लादी फोडून भराव उपसावाच लागतो.