कूपनाच्या उंबरठ्यावरील हिशेब

पवनी तालुक्यातील आसगावचे एखादे कुटुंब महिन्याचा किराणा भरावयास मोठ्या दुकानात जाते, असे समजा. तांदूळ घरचाच असतो, म्हणून डाळ, तेल, साखर, रवा आणि बेसन एवढीच यादी होते. बिल होते १,७४० रुपये. तेवढ्यात गल्ल्यावरचा मुलगा सांगतो, ‘२,००० वर १५० रुपयांचे कूपन आहे.’

उंबरठा गाठण्यास २६० रुपयांचा माल वाढवावा लागेल. कूपन वजा जाता देणे १,८५० होईल, म्हणजे यादीपेक्षा ११० अधिक. वाढीव माल पुढील महिन्याची साखर आणि शेंगदाणे असेल, तर १५० रुपये खरोखर वाचले. तो खर्च नाहीतरी व्हायचाच होता. तोच माल बिस्किटे आणि शरबताच्या बाटल्या असेल, तर ११० रुपये खिशातून गेले, आणि बिलावर मात्र ‘आपली बचत १५०’ असे छापून येईल. रवा-बेसन जादा घेणे पावसाळ्यात तर मुळीच नको. त्यात जीव पडतात, आणि आपल्या घरांत तो प्रश्न केवळ पैशाचा नसतो.

पॉइंटांचे गणित याहून किरकोळ असते. शंभर रुपयांस एक पॉइंट आणि पॉइंटाची किंमत २५ पैसे धरली, तर २,००० च्या खरेदीवर पाच रुपये मिळतात, पाव टक्का. एवढ्यासाठी दूरच्या दुकानी जाणाऱ्याने पेट्रोलही हिशेबात धरावे. तरीही माणूस ओढला जातो. नून्स आणि ड्रेझ या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात अमेरिकेत गाड्या धुण्याच्या एका केंद्रावर ३०० ग्राहकांना कार्डे वाटली. निम्म्यांना आठ शिक्के भरावयाचे होते. उरलेल्यांचे कार्ड दहा शिक्क्यांचे, पण दोन आधीच मारलेले. श्रम सारखेच, तरी पहिल्या गटातील १९ टक्क्यांनी, तर दुसऱ्यातील ३४ टक्क्यांनी कार्ड पूर्ण केले. ‘स्वागताचे १०० पॉइंट’ कशासाठी देतात, हे व्यापाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

कॅशबॅकची अट मात्र बारकाईने वाचावी. ‘१० टक्के, कमाल ५० रुपये’ याचा अर्थ, लाभ ५०० रुपयांवरच संपतो. १,८५० च्या बिलावर तो तीन टक्क्यांहूनही कमी पडतो. शिवाय रक्कम बहुधा ॲपच्या वॉलेटात पडते आणि मुदतीत, ठरावीक किमान खरेदीवरच वापरता येते. म्हणून ती जमेस धरू नये. खरोखर वापरली जाईल त्या दिवशीच लिहावी. आणि कूपन छापील किमतीवर असेल, तर गावातल्या दुकानदाराचा भाव आधी विचारावा. तो अनेकदा छापील किमतीखालीच विकतो, आणि त्याच्याकडे किमान खरेदीची अट नसते.