प्रोबायोटिकची पुडी: कोणती आणि केव्हा?

लहान मुलाला कानदुखीसाठी डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचं पातळ औषध दिलं, की दोन-तीन दिवसांत जुलाब लागणं काही नवीन नाही. मग कुणीतरी सांगतं, "कोर्स संपू दे, नंतर प्रोबायोटिक द्या." सल्ला चांगल्या मनाचा असला तरी वेळ चुकलेली असते. प्रोबायोटिकचा खात्रीचा उपयोग जुलाब टाळण्यासाठी आहे आणि त्यासाठी ते अँटिबायोटिकच्या पहिल्या-दुसऱ्या दिवसापासूनच सुरू करावं लागतं. २०१९च्या कॉक्रेन आढाव्यात ३३ चाचण्यांमधल्या सहा हजारांहून अधिक मुलांची माहिती एकत्र केली, तेव्हा प्रोबायोटिक न घेणाऱ्या शंभरातल्या १९ मुलांना जुलाब झाले होते, घेणाऱ्यांपैकी आठांना. म्हणजे फायदा आहे, पण बहुतेकांना जुलाब एरवीही झालेच नसते.

आता पुडी उलटून पाहा. नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' लिहिलं असेल तर ते फळवाल्यानं 'आंबा' म्हणण्यासारखं झालं. हापूस की रायवळ, कळत नाही. चाचण्यांमध्ये नाव कमावलंय ते 'लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी' या वाणानं. यातलं शेवटचं 'जीजी' महत्त्वाचं, कारण त्याच प्रजातीचा दुसरा वाण तसाच वागेल असं नाही. दुसरं नाव 'सॅकरोमायसिस बूलार्डी'. हे यीस्ट असल्यानं अँटिबायोटिकनं मरत नाही. जिवाणूंची पुडी मात्र अँटिबायोटिकपासून दोन तास तरी लांब ठेवावी, आणि दोन्ही गरम दुधात कालवू नयेत.

मग येतो आकडा. त्या आढाव्यात दिवसाला ५ अब्ज किंवा जास्त जिवंत पेशींची मात्रा अधिक उपयोगी दिसली. पण आकडा कधीचा? 'उत्पादनाच्या वेळी' असं छापलं असेल तर मुदत संपत येईपर्यंत त्यातले किती जिवंत राहतील, याची हमी नसते. बारा वाणांच्या मिश्रणावर एकच भला मोठा आकडा असेल, तर हव्या त्या वाणाच्या वाट्याला किती आले हे कळायला मार्ग नाही. मला अशा मिश्रणांचा भरवसा वाटत नाही.

कोर्स संपल्यावर 'पोटातले जिवाणू परत आणायला' घेण्याचं काय? इस्रायलच्या वाइझमन संस्थेनं २०१८ साली निरोगी माणसांना आठवडाभर दोन अँटिबायोटिकं देऊन हेच तपासलं. नंतर अकरा वाणांचं मिश्रण घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उशिरा सावरले. अभ्यास लहान आणि मिश्रण एकच, तरी नंतरच्या पुडीचा आग्रह धरण्याआधी तो लक्षात घ्यावा. साधं दही खायला हरकत नाही, पण त्यात कोणता वाण किती आहे हे विरजणालाच ठाऊक.

प्रतिकारशक्ती फार कमी असेल किंवा मोठ्या शिरेत नळी असेल, तर बूलार्डीचं यीस्ट रक्तात उतरल्याची उदाहरणं आहेत. तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुडी फोडू नये. जुलाबात रक्त दिसलं किंवा ताप आला तर 'क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल'चा संसर्गही असू शकतो, तेव्हा पुडीवर विसंबून न राहता त्याच दिवशी दाखवावं.