तिरक्या फोटोतलं कबड्डीचं मैदान

कबड्डीचा सामना प्रेक्षागृहाच्या वरच्या रांगेतून टिपला, की आयताकृती मॅट फोटोत आयत राहत नाही. जवळची बाजू रुंद दिसते, पलीकडची आखडते. या फोटोत चढाईपटूचा पाय जिथे टेकला त्या ठिकाणावर बोट ठेवता येतं. तो पाय बोनस रेषेपासून किती सेंटिमीटरवर होता, हे मात्र फोटो आपणहून सांगत नाही. त्यासाठी फोटोतल्या प्रत्येक जागेला मैदानावरची खरी जागा नेमून देणारा नियम हवा. सपाट पृष्ठभागाच्या बाबतीत असा नियम असतो आणि तो फार आटोपशीर असतो. त्याला होमोग्राफी म्हणतात.

फोटोतली जागा x, y या पिक्सेलांनी आणि मैदानावरची X, Y या अंतरांनी मोजली, तर नियम असा दिसतो:

X = (ax + by + c) / (gx + hy + i)
Y = (dx + ey + f) / (gx + hy + i)

अक्षरं नऊ आहेत. पण सगळ्यांना एकाच संख्येने गुणलं तरी उत्तर बदलत नाही, म्हणून खरे अज्ञात आठच. दोन्ही ओळींचा छेद एकच आहे, आणि दूरच्या वस्तू लहान दिसण्याचं सगळं रहस्य त्या छेदात आहे. जुळणाऱ्या बिंदूंची एक जोडी, म्हणजे फोटोतला एक बिंदू आणि मैदानावरची त्याची माहीत असलेली जागा, दोन समीकरणं देते. चार जोड्यांत आठ समीकरणं मिळतात आणि काम होतं. अट एवढीच, की त्या चारांपैकी कोणतेही तीन बिंदू एका रेषेत नसावेत.

कबड्डीचं मैदान यासाठी उत्तम आहे, कारण त्याच्या रेषा नियमाने बांधलेल्या आहेत. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा असते. दोन्ही कडांना एकेक मीटरची लॉबी. मैदानाचे चार कोपरे आणि आडव्या सात रेषा लॉबीच्या रेषांना जिथे मिळतात ते चौदा बिंदू धरले, तर अठरा जोड्या हाताशी येतात. समीकरणं छत्तीस, अज्ञात आठ.

इतकी समीकरणं एकाच वेळी तंतोतंत सुटत नाहीत. फोटोत रेषेचा छेदबिंदू टिपताना एखाद-दुसरा पिक्सेल इकडेतिकडे होतोच. रेषेला जाडी असते, कॅमेऱ्याचं चित्र थोडं धूसर असतं. म्हणून सगळ्या समीकरणांत उरणाऱ्या चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवणारं उत्तर शोधायचं. ही न्यूनतम वर्ग पद्धत. छेदाने दोन्ही बाजूंना गुणलं की भागाकार जातो आणि समीकरण सरळ, रेषीय होतं. मग नऊ अज्ञातांच्या वर्गांची बेरीज १ ठेवून एका ठरीव गणिती प्रक्रियेने उत्तर एकाच फेरीत मिळतं. आधी अंदाज बांधायला नको, पुन्हापुन्हा सुधारणा करायला नको.

इथपर्यंत सगळं सरळ वाटतं. अडचण मोजपट्टीत आहे. समजा एकाच फोटोवरच्या त्याच अठरा खुणा दोघांनी वापरल्या. एकाने मैदान मीटरमध्ये मोजलं, दुसऱ्याने सेंटिमीटरमध्ये. दोघांची उत्तरं थोडी वेगळी येतात. एकाने कोपऱ्यापासून मोजलं आणि दुसऱ्याने मैदानाच्या मध्यापासून, तरीही तेच. चढाईपटूचा पाय मात्र एकाच जागी होता! मोजायला सुरुवात कुठून केली यावर पायाची जागा बदलत असेल, तर त्या पद्धतीवर विसंबता येणार नाही.

असं का होतं ते एका कोपऱ्यावरून पाहू. समजा १९२० × १०८० पिक्सेलच्या फोटोत जवळचे दोन कोपरे (२६०, ९००) आणि (१६६०, ९००) वर आहेत, तर दूरचे (६४०, ४२०) आणि (१२८०, ४२०) वर. जवळच्या डाव्या कोपऱ्यातून मोजायला सुरुवात केली आणि सेंटिमीटर धरले, तर जवळच्या उजव्या कोपऱ्याची मैदानावरची जागा (१३००, ०). त्याचं X साठीचं समीकरण असं:

1660a + 900b + c − 2158000g − 1170000h − 1300i = 0

c च्या मागे १ आहे आणि g च्या मागे साडेएकवीस लाखांहून मोठी संख्या. न्यूनतम वर्ग पद्धत खरं तर असं विचारते, की या संख्यांच्या तक्त्यात कमीत कमी किती फेरफार केला म्हणजे सगळी समीकरणं एकदम जुळतील. तो फेरफार करताना ती तक्त्यातल्या प्रत्येक आकड्याकडे सारख्याच संशयाने पाहते. वस्तुस्थिती वेगळी आहे. बिंदू टिपताना आडवा एक पिक्सेल चुकला, तर १६६० मध्ये १ चा फरक पडतो, २१,५८,००० मध्ये १३०० चा पडतो आणि c च्या मागच्या १ मध्ये काहीच पडत नाही. म्हणजे जे आकडे सर्वांत जास्त हलू शकतात आणि जे हलूच शकत नाहीत, त्यांना एकच माप लागतं. मीटर धरले तर साडेएकवीस लाखांचे साडेएकवीस हजार होतात, विषमता घटते, आणि म्हणूनच उत्तरही बदलतं. संगणकाच्या आकडेमोडीची अचूकता हा यातला धाकटा प्रश्न आहे. संगणकाने अगदी शेवटच्या दशांशापर्यंत बिनचूक गणित केलं, तरी हा दोष राहतोच.

यावरचा उपाय रिचर्ड हार्टली यांनी मांडला. मूळ प्रश्न जवळचा पण वेगळा होता. लाँगेट-हिगिन्स यांनी १९८१ मध्ये दोन फोटोंतल्या आठ बिंदूंवरून कॅमेऱ्यांचं परस्पर नातं काढण्याची रेषीय पद्धत दिली होती. टिपण्यातल्या लहानसहान चुकांनीही ती डळमळते, असा तिचा लौकिक झाला होता. हार्टलींनी १९९० च्या दशकात त्या पद्धतीची बाजू घेणारा निबंध लिहिला. त्यांनी दाखवलं, की बिंदूंची मापं आधी नीट बसवून घेतली, तर तीच साधी पद्धत कितीतरी किचकट पद्धतींच्या बरोबरीला येते. होमोग्राफीलाही हाच उपाय लागू पडतो.

उपाय दोन पावलांचा आहे आणि तो फोटोवर व मैदानावर वेगवेगळा करायचा. पहिलं पाऊल म्हणजे सगळ्या बिंदूंचा सरासरी बिंदू काढून मोजणीचा आरंभ तिथे नेणं. दुसरं म्हणजे त्या सरासरी बिंदूपासून सगळ्यांचं सरासरी अंतर २ च्या वर्गमुळाइतकं, म्हणजे सुमारे १.४१४ होईल असं माप लहान-मोठं करणं. हाच आकडा घेण्याचं कारण म्हणजे मग साधारण बिंदू (१, १) च्या आकाराचा होतो आणि समीकरणात कायम असलेल्या १ च्या पंक्तीत बसतो.

सोपं राहावं म्हणून चार कोपऱ्यांचाच हिशेब करू. फोटोतला सरासरी बिंदू (९६०, ६६०). जवळचा प्रत्येक कोपरा तिथून आडवा ७०० आणि उभा २४० पिक्सेलवर, म्हणजे सरळ अंतर ७४०. दूरचा प्रत्येक कोपरा आडवा ३२० आणि उभा २४०, अंतर ४००. सरासरी ५७०. १.४१४ ला ५७० ने भागलं की ०.००२४८, हे फोटोचं प्रमाण. मैदानावर सरासरी बिंदू (६५०, ५००) सेंटिमीटर, प्रत्येक कोपरा तिथून सुमारे ८२० सेंटिमीटरवर, म्हणून प्रमाण ०.००१७२. आता तोच जवळचा उजवा कोपरा फोटोत (१.७४, ०.६०) आणि मैदानावर (१.१२, −०.८६) होतो. वर लिहिलेलं समीकरण नव्या मापात असं उतरतं:

1.74a + 0.60b + c − 1.95g − 0.67h − 1.12i = 0

सगळे आकडे एका पातळीवर आले. एका पिक्सेलची चूक आता पहिल्या आकड्यात सुमारे ०.००२५ आणि चौथ्यात ०.००२८ चा फरक पाडते. मुख्य म्हणजे मीटर असो वा सेंटिमीटर, आरंभ कोपऱ्यात असो वा मध्यात, सरासरी काढून प्रमाण लावलं की आकडे एकसारखेच होतात, त्यामुळे उत्तरही एकच येतं. मला या पद्धतीत सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

उत्तर मिळालं की ते मूळ मापात परत आणावं लागतं. फोटोचं माप बदलणारी कृती T, मैदानाची T', आणि मधलं उत्तर N मानलं, तर हवी ती होमोग्राफी T'⁻¹ N T. हा क्रम उलटा झाला किंवा एक पायरी गळली, तर पाय प्रेक्षकांत पडलेला दिसतो. त्यामुळे ही चूक सहसा लपत नाही.

आणखी एक सापळा नॉर्मलायझेशनमुळे टळतो. काही जण अज्ञातांतला i सरळ १ धरतात, म्हणजे नऊचे आठ होतात. आपल्या फोटोत मैदानाच्या कडा वर वाढवल्या, तर त्या y = १६ च्या आसपास एकत्र येतात. ती मैदानाची क्षितिजरेषा, आणि तिच्यावर छेद शून्य होतो. फोटोचा आरंभबिंदू (०, ०) तिच्यापासून जेमतेम सोळा पिक्सेलवर आहे. कॅमेरा जरासा खाली झुकवला तर क्षितिज नेमकं त्या बिंदूतून जाईल. मग i शून्य होईल आणि त्याला १ म्हणणंच चुकीचं ठरेल. आरंभ मॅटच्या मध्याजवळ नेला की ही भीती राहत नाही, कारण दिसणारी मॅट क्षितिजावर नसते.

नेमक्या चार जोड्या असतील, तर नॉर्मलायझेशनने उत्तर बदलत नाही, फक्त आकडेमोड सुरक्षित होते. पाचव्या जोडीपासून त्याचा खरा उपयोग सुरू होतो. तरीही एक उणीव उरते. आपण कमी केली ती समीकरणातली चूक, फोटोतल्या पिक्सेलांमधलं अंतर नव्हे. म्हणून काटेकोर कामात हे उत्तर सुरुवात म्हणून घेतात आणि पिक्सेलमधली चूक कमी होईपर्यंत ते टप्प्याटप्प्याने सुधारतात. एखादी जोडीच चुकली असेल, म्हणजे निदान रेषेचा बिंदू बोनस रेषेला जोडला गेला असेल, तर यातलं काहीच कामाला येत नाही. वर्ग केल्यामुळे ती एक मोठी चूक सगळं उत्तर आपल्याकडे ओढते. अशा जोड्या आधी वेचून काढण्यासाठी फिशलर आणि बोल्स यांची १९८१ सालची रॅन्सॅक पद्धत आजही वापरतात.

उत्तर पारखायचं तर काही बिंदू गणितातून मुद्दाम बाहेर ठेवावेत. आपल्या उदाहरणात मध्यरेषा जवळच्या लॉबीला (९६०, ८०६) वर आणि दूरच्या लॉबीला (९६०, ४४३) वर मिळायला हवी. जवळची एक मीटरची लॉबी फोटोत ९४ पिक्सेल उंच आहे, दूरची अवघी २३. म्हणजे खोलीच्या दिशेने एक पिक्सेल जवळ सुमारे एक सेंटिमीटरचा, तर पलीकडे चार सेंटिमीटरांहून अधिकचा. दूरच्या बाजूला पाच सेंटिमीटरची तफावत निघाली तर घाबरू नये. जवळ तेवढीच निघाली तर जोड्या पुन्हा तपासाव्यात. चुका मैदानभर विखुरलेल्या न राहता कडांकडे पद्धतशीर वाढत गेल्या, तर भिंगाने रेषा वाकवल्या आहेत असं समजावं. ते वाकणं आधी काढलं नाही, तर कोणतीही होमोग्राफी बसणार नाही. आणि हा नियम मॅटच्या पृष्ठभागापुरताच आहे. टेकलेल्या पायाची जागा तो देतो. चढाईपटूच्या डोक्याला किंवा हवेतल्या हाताला तो लावला, तर त्यांची जागा खऱ्यापेक्षा पलीकडे, दूरच्या कडेकडे सरकलेली निघते.