कव्हर सुटतं ते पाण्यामुळे

सुरमईच्या फिलेचं ब्रेडक्रम्सचं कव्हर तेलात सुटलं की दोष अंड्याला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा खालचं पाणी असतं. मीठ-लिंबू लावलेल्या माशाला पाणी सुटतं, तळताना त्याची वाफ होते आणि ती कव्हर उचलते. म्हणून मुरलेला तुकडा आधी कोरड्या फडक्याने नीट टिपा. मग मैदा लावून झटका. मासा आतून दिसेल इतकाच पातळ थर हवा. जाड राहिला तर अंडं मैद्यालाच चिकटतं, माशाला नाही. अंड्यात चमचाभर पाणी घालून फेटा, जास्तीचं निथळू द्या, क्रम्स तळव्याने दाबून बसवा. पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. तेलात क्रम्सचा कण लगेच फसफसला की तुकडा सोडा आणि खालची बाजू सोनेरी होईपर्यंत झारा लावू नका. बटाट्याच्या कटलेटलाही हाच क्रम.