वीस किलोबाइटमध्ये ‘येस’ आणि ‘नो’

इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेल्यांच्या टेबलावर ‘ब्लू पिल’ नावाचा एक छोटा निळा बोर्ड बहुधा असतोच. त्यावरच्या एसटीएम३२ एफ१०३ या चिपमध्ये प्रोग्राम साठवायला ६४ किलोबाइट फ्लॅश असते आणि हिशेब मांडायला २० किलोबाइट रॅम. ‘येस’ किंवा ‘नो’ ऐकल्यावर दिवा लावणारं न्यूरल नेटवर्क एवढ्या जागेत बसवायचं, तर सुरुवात आवाजापासूनच करावी लागते. सेकंदाला १६,००० नमुने आणि प्रत्येक नमुना दोन बाइटचा धरला, तर एका सेकंदाच्या आवाजाचे ३२,००० बाइट होतात. रॅममध्ये तर २०,४८० बाइटच आहेत.

म्हणून चिप तो सेकंद जपून ठेवतच नाही. ती आवाजाचा ३० मिलिसेकंदांचा तुकडा घेते, त्यात कोणत्या पट्टीचे स्वर किती जोरात आहेत हे ४० आकड्यांत मांडते आणि मूळ आवाज टाकून देते. मग २० मिलिसेकंद पुढे सरकून पुढचा तुकडा. असे ४९ तुकडे झाले की सेकंदाचं चित्र पुरं होतं: ४९ गुणिले ४०, म्हणजे १,९६० आकडे. प्रत्येक आकड्याला एकच बाइट.

हे चित्र वाचणारं नेटवर्क गूगलच्या ‘टेन्सरफ्लो लाइट मायक्रो’मधल्या `micro_speech` या उदाहरणात आहे. त्याला जेमतेम दोन थर आहेत. पहिल्यात १० बाय ८ आकाराच्या आठ चाळण्या चित्रावरून दोन-दोन घरं सरकत जातात. त्यांचे गुणक, ज्यांना वेट्स म्हणतात, फक्त ६४० आहेत आणि त्यांतून ४,००० उत्तरं निघतात. दुसरा थर ही सगळी उत्तरं चार निकालांना जोडतो: शांतता, अनोळखी शब्द, येस, नो. त्याला १६,००० वेट्स लागतात. यातली एक गोष्ट मला फार आवडते. पहिला थर जागा जवळपास घेत नाही, पण ३,२०,००० गुणाकार करतो. दुसऱ्यात गुणाकार १६,००० च, पण जवळजवळ सगळी जागा त्याची. वेळ वाचवायचा तर पहिल्याला हात घालावा, जागा वाचवायची तर दुसऱ्याला. आणखी एक शब्द ओळखायला शिकवला, की फ्लॅशमध्ये आणखी ४,००० बाइट जातात.

संगणकावर शिकवताना हे वेट्स दशांश अपूर्णांक असतात, प्रत्येकी चार बाइटचे. १६,६४० वेट्सचे होतात ६६,५६० बाइट. फ्लॅश आहे ६५,५३६ बाइटची. प्रोग्रामची एक ओळही नसताना जागा संपली! रॅमचंही तेच: चित्र आणि पहिल्या थराची उत्तरं मिळून २३,८४० बाइट. तेच आकडे एका बाइटच्या पूर्णांकात लिहिले, तर रॅममध्ये ५,९६० बाइट पुरतात आणि फ्लॅशमध्ये प्रोग्रामलाही जागा उरते.

पण एका बाइटमध्ये -१२८ ते १२७ एवढेच पूर्णांक मावतात. म्हणून एक मोजपट्टी ठरवतात. एखाद्या चाळणीतला सर्वांत मोठा वेट ०.६ असेल, तर ०.६ म्हणजे १२७. या हिशेबाने ०.२ चा होतो ४२ आणि ०.०१ चा २. फरक पडतो, पण किरकोळ. आता त्याच चाळणीत एकच वेट ३ असता, तर पट्टी पाचपट ताणली गेली असती: ०.२ चा झाला असता ८ आणि ०.०१ चा सरळ शून्य. एका आडदांड आकड्यापायी बाकीच्यांचे बारकावे पुसले जातात. म्हणून आठही चाळण्यांना मिळून एक पट्टी देण्यापेक्षा प्रत्येकीला स्वतंत्र पट्टी दिलेली बरी.

बेरीज मात्र एका बाइटमध्ये करून चालत नाही. १२७ गुणिले १२७ म्हणजे १६,१२९. असे तीन गुणाकार मिळवले की दोन बाइटची ३२,७६७ ची मर्यादाही ओलांडली जाते, आणि इथे तर एकेका उत्तरासाठी ऐंशी मिळवायचे असतात. म्हणून बेरीज चार बाइटमध्ये करतात आणि शेवटी ती आखडून पुन्हा एका बाइटमध्ये आणतात.

बिघाड होतो तो बहुतेक वेळा आवाजाच्या पट्टीत. वेट्स डोळ्यांसमोर असतात. आवाज किती मोठा येईल हे मात्र नमुन्यांवरून ठरवावं लागतं. नमुने तोंडाजवळ माइक धरून घेतलेले असतील आणि बोर्डाचा माइक खोलीच्या कोपऱ्यात असेल, तर चित्रातले सगळे आकडे -१२८ च्या आसपास गोळा होतात. नेटवर्क ‘शांतता’ म्हणत राहतं आणि आपण उगाच त्याची शिकवणी तपासत बसतो. त्याआधी बोर्डावरचे ते १,९६० आकडे छापून त्यातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा पाहावा. मग तेच आकडे संगणकावरच्या पूर्णांकी नेटवर्कला द्यावेत. तिथेही चुकीचंच उत्तर आलं, तर दोष माइकपासून चित्रापर्यंतच्या वाटेत किंवा शिकवणीच्या नमुन्यांत आहे. तिथे ‘येस’ आणि बोर्डावर ‘शांतता’ आली, तर चिपवरचा हिशेब तपासायला घ्यावा.